एका कंपनीला होकार दिल्यावर दुसरीला नकार कसा कळवावा

एकाच महिन्यात दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, दोन्हीकडून ऑफर आली आणि त्यांतील एक आपण सही करून स्वीकारली, म्हणजे दुसऱ्या कंपनीला नकार कळवण्याचे काम उरते. हे काम अवघड नाही, पण अवघडल्यासारखे वाटणारे आहे, आणि म्हणूनच ते आज-उद्या करत लांबणीवर पडते. नकाराचा मेल कितीही गोड शब्दांत लिहिला, तरी तो पंधरा दिवस उशिरा गेला तर संबंध बिघडायचा तो बिघडतोच. याउलट चार साध्या वाक्यांचा मेल वेळेवर गेला, तर बहुतेक ठिकाणी कोणी मनात राग धरत नाही. असे का होते, हे समजण्यासाठी ऑफर देणाऱ्या कंपनीच्या आत काय चाललेले असते ते आधी पाहायला हवे.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या गुणवत्ता विभागात पाच वर्षे काम केलेली एक अभियंता आहे. तिला एक ऑफर रांजणगावच्या कंपनीकडून आली आहे, वर्षाला साडेनऊ लाखांची, आणि दुसरी नाशिकमध्ये अंबडच्या कंपनीकडून, वर्षाला आठ लाख ऐंशी हजारांची. आईवडील नाशिकला आहेत आणि अंबडला पुरवठादारांच्या गुणवत्तेचे काम मिळणार आहे, जे तिला गेली दोन वर्षे करायचे होते. म्हणून तिने अंबडची ऑफर स्वीकारली. रांजणगावला मात्र गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांनी मुलाखतीनंतर तिला स्वतः शॉपफ्लोअरवर नेले होते, मापन कक्ष दाखवला होता, आणि एका ग्राहकाच्या तक्रारीवर त्यांचा विभाग त्या आठवड्यात काय करत आहे तेही मोकळेपणाने सांगितले होते. ही माणसे तिला गमवायची नाहीत. पुणे-नाशिक पट्ट्यातल्या वाहन उद्योगात आजचा मुलाखत घेणारा पाच वर्षांनी आपल्याच कंपनीत वरिष्ठ म्हणून किंवा ग्राहकाच्या बाजूने तपासणीला आलेला दिसू शकतो.

आता रांजणगावच्या बाजूने पाहू. ती जागा भरायला कारखान्याच्या प्रमुखांची आणि वित्त विभागाची मंजुरी घ्यावी लागलेली असते. त्याच पातळीवर आधीपासून काम करणाऱ्यांना काय मिळते, हे पडताळून एचआरने साडेनऊ लाखांचा आकडा ठरवलेला असतो. ऑफर लेटरवर उत्तर देण्याची मुदत लिहिलेली असते, बहुधा काही दिवसांची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाखतीत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या उमेदवाराला अजून नाही म्हटलेले नसते. त्याला ‘निर्णय व्हायचा आहे’ असे सांगून थांबवून ठेवलेले असते. हा दुसरा उमेदवारही इतरत्र मुलाखती देत असतो, आणि तो फार दिवस मोकळा राहत नाही. आपला नकार तो मोकळा असेपर्यंत पोचला, तर रांजणगावच्या प्रमुखांची एक जागा काही दिवस उशिरा भरते, इतकेच. तो निघून गेल्यानंतर पोचला, तर जाहिरात, अर्जांची छाननी, मुलाखतीच्या फेऱ्या हे सगळे पहिल्यापासून सुरू होते, आणि त्यावर नव्या माणसाचा साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड चढतो. राग येतो तो नकाराचा नव्हे, या वाया गेलेल्या महिन्यांचा. त्यामुळे नकाराच्या शब्दांपेक्षा तो कोणत्या दिवशी कळवला याला अधिक वजन आहे.

म्हणून कळवायचे लवकर, पण पहिली ऑफर पक्की होण्याच्या आधी नव्हे. पक्की म्हणजे काय, याबाबत गल्लत होते. फोनवर ‘तुमचं झालंय, लेटर पाठवतो’ असे सांगितले गेले, तर ती पक्की ऑफर नव्हे. पद, वेतन, कामाचे ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेले पत्र हातात आले, आपण ते स्वीकारल्याचे लेखी कळवले आणि ते मिळाल्याचे समोरून उत्तर आले, की ती पक्की. भारतीय करार कायदा १८७२ यातही हाच विचार आहे. त्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दिलेला होकार मागे घेता येतो, तो फक्त होकार कळवण्याची क्रिया पूर्ण होईपर्यंत. तुमच्या होकाराने तुम्ही बांधले गेलात, तशी कंपनीही तिच्या प्रस्तावाने बांधली गेलेली असणे, ही दुसरीकडे नकार कळवण्याची योग्य वेळ आहे.

इथे पुष्कळ जण एक हिशोब करतात, आणि तो सरळ बोलून दाखवायला हवा. नोटीस पिरियड संपायला दोन-तीन महिने आहेत, तोवर पहिल्या कंपनीने ऑफर मागे घेतली तर काय, म्हणून दुसरी ऑफर हाताशी राहू द्यावी, आणि रुजू झाल्यावर मग सावकाश नाही कळवावे. ही भीती खोटी नाही. भरती थांबवणे, रुजू होण्याची तारीख पुढे ढकलणे हे प्रकार घडतात. पण त्यावरचा उपाय दुसऱ्या कंपनीला अंधारात ठेवणे हा नाही. पार्श्वभूमी पडताळणी किंवा वैद्यकीय तपासणी बाकी असेल, तर ती लवकर उरकण्याचा आग्रह पहिल्या कंपनीकडे धरावा, आणि तोवर दुसऱ्या कंपनीकडे उत्तर देण्यासाठी ठरावीक तारखेपर्यंत मुदत मागावी. ‘मला १८ तारखेपर्यंत वेळ द्याल का, त्या दिवशी नक्की उत्तर देतो’ असे विचारणाऱ्याला मुदत नाकारली गेली, तरी त्याच्याविषयी कोणाचे मत वाईट होत नाही. मुदत मागण्याऐवजी होकार देऊन ठेवणे मात्र महागात पडते. त्याविषयी पुढे बोलू.

आपल्या अभियंत्याला अंबडहून बुधवारी दुपारी पोच मिळाली, असे धरू. तिने गुरुवारी सकाळी रांजणगावच्या प्रमुखांना फोन करावा. आधी मेल की आधी फोन, असा प्रश्न पडतो, तर ज्याने आपल्यासाठी वेळ खर्च केला त्याला आधी फोन आणि त्यानंतर तासाभरात एचआरला मेल, हा क्रम चांगला. ज्यांच्याशी फक्त व्हिडिओवर एक फेरी झाली आणि नंतर सगळा व्यवहार एचआरशीच होता, तिथे एचआरला फोन आणि मेल पुरे. कारखान्यातल्या माणसाला फोन करायचा तर शिफ्ट बदलण्याची वेळ आणि सकाळची उत्पादन बैठक टाळावी. साधारण अकराच्या पुढे तो बोलायच्या मनःस्थितीत असतो. फोनवर पहिल्या अर्ध्या मिनिटात निर्णय सांगून टाकावा. आधी पाच मिनिटे कौतुक केले, की ऐकणाऱ्याला ही होकाराची प्रस्तावना वाटते आणि मग ‘पण’ आला की तो दुप्पट खट्टू होतो. बोलणे साधारण असे असावे.

‘नमस्कार सर, दोन मिनिटं बोलता येईल का? सर, आपल्याकडची ऑफर मिळाली होती. मी काल दुसऱ्या एका कंपनीची ऑफर स्वीकारली आहे, त्यामुळे आपल्याकडे रुजू होता येणार नाही. आपण माझ्यासाठी एवढा वेळ दिला होता, म्हणून हे मेलवर कळण्याआधी आपल्याला स्वतः सांगावं असं वाटलं.’

यावर तीन प्रश्नांपैकी एखादा येतोच. कुठे चाललीस, किती देतात, आणि आम्ही वाढवून दिलं तर? पहिल्याचे उत्तर देणे बंधनकारक नाही. गाव किंवा कामाचे स्वरूप सांगितले तरी चालते. कंपनीचे नाव सांगायचे नसेल, तर ‘रुजू झाल्यावर कळवीनच सर’ हे वाक्य पुरते, आणि ते पाळावे लागते. दुसऱ्याचे उत्तर आकड्यात कधीच देऊ नये, कारण आकडा उच्चारला की बोलणे नकाराचे राहत नाही, घासाघिशीचे होते. तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. ‘बघतो सर’, ‘विचार करून सांगते’ ही उत्तरे सभ्य वाटतात, पण त्यांचा अर्थ समोरचा ‘दार उघडे आहे’ असा घेतो. तो वरिष्ठांकडे जाऊन जादा रकमेची मंजुरी आणण्याच्या खटपटीला लागतो, आपला शब्द खर्च करतो, आणि त्यानंतर नकार आला तर त्याची कंपनीत शोभा होते. म्हणून निर्णय झालेला असेल, तर तिथेच म्हणावे, ‘सर, पगाराचा प्रश्न नाही, आपली ऑफर उलट जास्त होती. आईवडील नाशिकला आहेत, कामही मला हवं तसं आहे, आणि मी त्यांना लेखी होकार दिलाय.’ लेखी होकार दिला आहे, हे सांगणे या बोलण्यात फार उपयोगी पडते. इकडचा शब्द फिरवत नाही, हे ऐकणाऱ्याला दिसते, आणि चांगला वरिष्ठ त्यावर बहुधा पुढे ओढत नाही.

खरे कारण पगारच असेल तर? तर पगाराचे कारण नाही असे खोटे सांगू नये. ‘काम आणि मोबदला दोन्हींचा विचार करून ठरवलं’ एवढे पुरे. कारण सांगताना एक वाक्य, तेही खरे, ही मर्यादा पाळावी. ‘घरगुती अडचणीमुळे सध्या नोकरी बदलत नाही’ असे सांगून पुढच्या महिन्यात लिंक्डइनवर नव्या पदाची घोषणा करणारे उमेदवार एचआरच्या चांगले लक्षात राहतात. नकार विसरला जातो, पकडले गेलेले खोटे विसरले जात नाही.

फोननंतरचा मेल हा नोंदीसाठी असतो. कंपनीच्या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या नावापुढे एक शेरा पडणार असतो, आणि दोन वर्षांनी पुन्हा अर्ज केला की नवीन एचआरला आधी तो शेराच दिसतो. त्या वेळी आपल्याशी बोललेली माणसे कदाचित तिथे नसतील. ऑफर मिळाल्यावर वेळेत नकार दिला, होकार देऊन नकार दिला, आणि रुजू होण्याच्या दिवशी आलाच नाही, या तीन शेऱ्यांत फार अंतर आहे. आपला मेल असा असावा की पहिलाच शेरा पडेल. तिचा मेल असा होईल.

‘विषय: गुणवत्ता अभियंता पदाची ऑफर, नकार कळवण्याबाबत.

महोदया, गुणवत्ता अभियंता पदासाठी आपण ६ तारखेला पाठवलेल्या ऑफरबद्दल आपले आभार. मी दुसऱ्या कंपनीची ऑफर स्वीकारली असल्याने हे पद स्वीकारू शकत नाही. विभागप्रमुखांशी आज सकाळी फोनवर बोलून त्यांना हे कळवले आहे. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी मापन कक्ष दाखवला आणि ग्राहकाच्या तक्रारीवरील काम समजावून सांगितले, त्याचा मला पुढेही उपयोग होईल. मी दिलेल्या पगारपत्रकांच्या व ओळखपत्रांच्या प्रती आता लागणार नसतील, तर त्या काढून टाकाव्यात, ही विनंती. आपली विश्वासू.’

बहुतेक कंपन्यांत हा मेल प्रत्यक्षात इंग्रजीत जाईल, पण वाक्यांचा क्रम हाच ठेवावा. नकार दुसऱ्याच वाक्यात आहे आणि त्यात ‘सध्या’ किंवा ‘कदाचित’ असे काही नाही. ‘सध्या स्वीकारू शकत नाही’ म्हटले, की पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणा येते. आभार कशाबद्दल, ते नेमके लिहिले आहे. ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेने दिलेल्या अमूल्य संधीबद्दल’ असे कोणत्याही कंपनीला लिहिता येते आणि म्हणून ते कोणी वाचत नाही. मापन कक्षाचे वाक्य फक्त याच कंपनीला लिहिता येते. तो मेल एचआरने विभागप्रमुखांना पुढे पाठवला, तर त्यांना ते एकच वाक्य लक्षात राहील. आणि ‘पुढच्या वेळी नक्की आपल्याकडेच येईन’ असे आश्वासन त्यात नाही, हेही बरे. ते पाळण्याची वेळ आपल्या हातात नसते, आणि वाचणाऱ्यालाही ते माहीत असते. ऑफर कंपनीच्या पोर्टलवर आलेली असेल, तर मेल पाठवल्यावर तिथले नकाराचे बटणही दाबावे, नाहीतर नोंदीत ऑफर तशीच लोंबकळत राहते आणि मुदत संपल्यावर ‘उत्तर नाही’ म्हणून बंद होते.

मध्ये कन्सल्टंट असेल, तर थोडी गुंतागुंत वाढते. त्याचे शुल्क सामान्यतः उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते, त्यामुळे आपल्या नकाराने खरे आर्थिक नुकसान होते ते त्याचे. तो मन वळवण्याचा प्रयत्न करणार, कधी जरा सूर चढवूनही बोलणार, आणि ते समजून घ्यावे. कंपनीकडून त्याला कळले, तर त्याची कोंडी होते, म्हणून विभागप्रमुखांना फोन केल्यावर लगेच त्यालाही फोन करावा. पण कळवण्याचे काम त्याच्यावर सोडू नये. तो निरोप दोन दिवस दाबून ठेवून तुम्हाला फिरवण्याचा प्रयत्न करू शकतो, आणि त्या दोन दिवसांचा दोष कंपनीच्या नजरेत तुमच्याकडे येतो. एचआरला मेल स्वतः करून त्याची प्रत कन्सल्टंटला द्यावी.

आतापर्यंत आपण धरले की रांजणगावला तिने अजून होकार दिलेला नव्हता. समजा, दिलेला होता. आधी रांजणगावला हो म्हटले, तीन आठवड्यांनी अंबडची ऑफर आली, आणि आता तिकडे जायचे आहे. ही जागा खरी अडचणीची. कारण तीन आठवड्यांपूर्वीच रांजणगावने दुसऱ्या उमेदवाराला नकार कळवलेला असतो, पडताळणीवर खर्च केलेला असतो, आणि विभागाने तिची वाट पाहत कामाची आखणी केलेली असते. कायद्याच्या अंगाने पाहिले, तर कोणतेही न्यायालय माणसाला एखाद्या कंपनीत नोकरी करायला भाग पाडत नाही. पण ऑफर लेटरमध्ये जॉइनिंग बोनस, स्थलांतराचा खर्च किंवा अशी कुठली रक्कम आधीच मिळालेली असेल आणि ती परत करण्याची अट असेल, तर ती अट खरी आहे. म्हणून फोन करण्याआधी ते पत्र शब्दन् शब्द पुन्हा वाचावे. रक्कम मिळालेली असेल, तर ती परत कशी करायची हे आपणच विचारावे. लॅपटॉप किंवा ओळखपत्र आले असेल, तर ते न्यायला माणूस कधी येईल हे आपणच ठरवून द्यावे. कंपनीला मागे लागावे लागले, की उरलासुरला सद्भावही जातो.

इथे फोनवरचे बोलणेही बदलते. आधीच्या प्रसंगात माफीची गरज नव्हती, कारण ऑफर नाकारणे हा उमेदवाराचा हक्क आहे. इथे दिलेला शब्द मोडतो आहोत, तेव्हा माफी मागावी, एकदा, आणि त्याला सबब जोडू नये. ‘सर, मी आपल्याला होकार दिला होता आणि तो मला मागे घ्यावा लागतोय. यामुळे आपली अडचण होणार हे मला माहीत आहे, त्याबद्दल माफी मागते.’ समोरून कडक शब्द आले, तर ते ऐकून घ्यावेत. रुजू होण्याला दोन महिने असताना हे कळवले, तर अजूनही कंपनीला काहीतरी करता येते; आदल्या दिवशी कळवले, तर काहीच करता येत नाही; आणि न कळवता फोन बंद ठेवला, तर ते दार कायमचे लागले असे समजावे. या प्रसंगात संबंध पूर्वीसारखाच राहील, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. काही कंपन्यांत असा उमेदवार पुन्हा घेतच नाहीत. व्यक्ती म्हणून विभागप्रमुख मात्र वेगळे वागू शकतात, आणि प्रयत्न त्यांच्यापुरता करावा.

एक गोष्ट या वेळी उपयोगी ठरू शकते, ती म्हणजे त्या जागेसाठी दुसरे नाव सुचवणे. पण माणूस खरोखर त्या कामाचा असेल, नोकरी बदलायला तयार असेल आणि त्याची परवानगी घेतलेली असेल, तरच. घाईघाईने कोणाही मित्राचा बायोडेटा पुढे केला, तर विभागप्रमुखांचा आणखी एक तास वाया जातो आणि आपली पारख कशी आहे तेही त्यांना कळते.

संबंध टिकला का, हे त्या दिवशीच्या उत्तरावरून ओळखू येत नाही. एचआरचे ‘आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे सगळ्यांनाच जाते. विभागप्रमुखांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या, ‘कुठे रुजू होतेस ते कळव’ म्हटले, किंवा चारसहा महिन्यांनी ‘तुझ्या ओळखीत कोणी आहे का’ म्हणून फोन केला, तर तो टिकला. उत्तरच आले नाही, तर लगोलग पुन्हा मेसेज करून खुलासे देत बसू नये. नव्या जागी स्थिरावल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांनी, एकदा कळवावे की अमुक ठिकाणी अमुक काम सुरू झाले आहे. फोनवर दिलेले ‘रुजू झाल्यावर कळवीन’ हे वचन इथे पुरे होते. त्यानंतर दर सणाला तयार शुभेच्छाचित्रे पाठवण्याने ओळख टिकत नाही, उलट मेसेज न उघडण्याची सवय लागते. कामाचे निमित्त असेल तेव्हा लिहावे. त्यांच्या ग्राहकाच्या एखाद्या नव्या मानकाविषयी विचारायचे असेल, किंवा एखाद्या प्रदर्शनात त्यांचा स्टॉल दिसला असेल, तर वर्षातून असे एकदा पुरेसे आहे.

आणि पुढे कधी त्याच कंपनीत अर्ज करायची वेळ आली, तर जुनी ऑफर नाकारल्याचे लपवू नये. नोंदीत ते दिसणारच असते, आणि आपण आधी सांगितले, तर मुलाखतीतला तो प्रश्न निकाली निघतो. अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ पुरे: ‘यापूर्वी आपण मला गुणवत्ता अभियंता पदाची ऑफर दिली होती. त्या वेळी नाशिकला जाण्याचा निर्णय झाल्याने मी ती वेळेत नाकारली होती.’ त्याच्या पुढे लगेच मधल्या वर्षांत काय काम केले, ते लिहावे.